कर्जाच्या ॲपला आमचे मेसेज कशाला हवेत?

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. विड्या वळणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या, बचत गट चालवणाऱ्या बायकांना फोनवरून पैशांचे व्यवहार कसे करायचे ते दाखवते. कर्ज देणारे ॲप फोनमध्ये टाकले की एक छोटी चौकट उघडते आणि संपर्कांची यादी किंवा मेसेज वाचायची परवानगी मागते. हे पत्र त्या चौकटीबद्दल आहे. ती मागणी रास्त आहे की नाही हे ठरवायची वेळ आमच्या बायकांवर येते, तेव्हा आपल्या बँकेचा एक नियम त्यांच्या बाजूने उभा असतो आणि दुसरा असायला हवा तो नसतो. त्याविषयी लिहिते आहे.

उभा आहे तो नियम आधी सांगते, कारण त्याने खरोखर फरक पडला. कर्जाच्या ॲपचा सुळसुळाट झाल्यावर आपल्या बँकेने जानेवारी 2021 मध्ये एक कार्यगट नेमला. त्या गटाला भारतातल्या अँड्रॉइड वापरणाऱ्यांसाठी असलेल्या 81 ॲप स्टोअरवर कर्ज देणारी सुमारे 1100 ॲप आढळली आणि त्यांतली 600 बेकायदा निघाली. त्यांचा सगळा जोर फोनमधल्या नावांच्या यादीवर होता. हप्ता चुकला की कर्जदाराच्या भावाला, शेजाऱ्याला, मालकाला फोन जायचे, बदनामीचे मेसेज जायचे, जोडकाम केलेले फोटो जायचे. 2 सप्टेंबर 2022 रोजी आपण मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि कर्जाच्या ॲपने फोनमधल्या फाइली, फोटो-व्हिडिओ, संपर्कांची यादी, कॉलची नोंद, टेलिफोनची कार्ये, इत्यादींना हात लावायचा नाही असे स्पष्ट लिहिले. कॅमेरा, माइक, लोकेशन किंवा ओळख पटवण्यासाठी लागणारी इतर सोय तेवढी एकदाच, कर्जदाराची स्पष्ट संमती घेऊन वापरता येईल असे ठरले. पुढे गुगलनेही 31 मे 2023 पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो वाचायला बंदी केली.

या नियमाचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या गटातल्या एका बाईला मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी पंधरा हजार रुपये हवे होते. तिच्या फोनमध्ये दोन ॲप होती. एक तिने प्ले स्टोअरवरून घेतले होते. दुसरे कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावरून आले होते. ही दोन्ही ॲप आम्ही शेजारी बसून एकामागून एक उघडली.

दुव्यावरून आलेल्या ॲपने पहिल्याच पानावर विचारले: Allow to access your contacts? तिने Don't allow दाबले. ॲप बंद पडले. पुन्हा उघडले, पुन्हा तोच प्रश्न. रक्कम किती हवी हे विचारायच्या आधी, नाव विचारायच्या आधी, सगळी फोनबुक हवी. इथे विचार करण्यासारखे फारसे काही नव्हते. कर्ज द्यायचे की नाही हे ठरवायला तिच्या नणंदेचा नंबर लागत नाही. तो नंबर लागतो फक्त वसुलीला, आणि तोही धमकी द्यायची असेल तर. आम्ही ते ॲप काढून टाकले.

प्ले स्टोअरच्या ॲपलाही दोन ओळखीच्या माणसांचे नंबर हवे होते. पण इथे परवानगीची चौकट आलीच नाही. फोनचीच यादी उघडली, तिने त्यातून भावाचे आणि शेजारणीचे नाव निवडले आणि ॲपकडे तेवढेच दोन नंबर गेले. अँड्रॉइडमध्ये ही सोय फार वर्षांपासून आहे. यादी फोन दाखवतो, निवड माणूस करतो, बाकीची यादी ॲपला दिसतच नाही. दोनच नंबर हवे असतील तर सगळी यादी मागायचे कारण उरत नाही, हे इथे कुणाच्याही लक्षात येते. काम थोडक्यात होण्यासारखे असताना सगळे दार उघडायला सांगितले तर मागणी रास्त नाही, असे मी बायकांना सांगते. आपल्या नियमाने कंपन्यांना हा थोडक्यातला मार्ग घ्यायला लावले.

मग पुढचे पान आले. त्यावर ॲपचेच एक चित्र होते आणि खाली लिहिले होते की तुमची पात्रता ठरवण्यासाठी आम्ही फक्त बँकेचे मेसेज वाचतो, खासगी मेसेज वाचत नाही. Continue दाबल्यावर फोनची चौकट आली: Allow to send and view SMS messages?

या दोन पानांमधला फरक समजायला हवा, आणि आमच्या बायकांना तो समजावणे सर्वांत अवघड जाते. पहिले पान कंपनीने लिहिलेले आहे. त्यात वचन आहे. दुसरी चौकट फोनने दाखवलेली आहे. त्यात अधिकार आहे. अँड्रॉइडच्या त्या अधिकारात बँकेचे मेसेज वेगळे आणि घरचे वेगळे अशी चाळणी नाही. READ_SMS मिळाले की जुना-नवा सगळा इनबॉक्स उघडतो. RECEIVE_SMS मिळाले की येणारा प्रत्येक मेसेज पोचताच वाचता येतो, ओटीपीसकट. या परवानग्या एकाच गटात मोडतात, म्हणून पडद्यावर एकच वाक्य दिसते आणि त्याच वाक्यात मेसेज पाठवण्याचाही उल्लेख असतो. कंपनी फक्त बँकेचेच मेसेज वाचेल की नाही हे तिच्या इच्छेवर राहते. ते तपासायचे साधन आमच्या हातात नाही.

तिच्या इनबॉक्समध्ये काय होते ते तिच्याच संमतीने आम्ही वर सरकवत पाहिले. मजुरी जमा झाल्याचे मेसेज होते, त्यांत खात्याचे शेवटचे आकडे आणि शिल्लक होती. एका फायनान्सच्या हप्त्याची आठवण होती. गॅसची नोंदणी, दवाखान्याची तारीख, मुलाच्या शाळेची फी. आणि सासूच्या नावाचे आधारचे ओटीपी, दिराच्या बँक खात्याचे मेसेज, शेजारच्या म्हाताऱ्या बाईच्या निराधार योजनेचे मेसेज. या घरात चालू रिचार्ज असलेला फोन एकच आहे. सासूकडे नंबर नाही म्हणून सुनेचा दिला, शेजारणीला वाचता येत नाही म्हणून हिचा दिला. पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीच्या रे नगरात अशी घरे सगळीकडे दिसतील. त्या चौकटीवर Allow दाबणारी बाई एक असते, पण उघडणारी पेटी चार घरांची असते. सासू, दीर, शेजारीण यांना कुणी काही विचारलेलेच नसते.

संपर्कांच्या यादीबाबत आपण हाच विचार केला असणार. त्या यादीतली माणसे कर्जदार नव्हती, त्यांनी संमती दिली नव्हती, म्हणून ती यादी बंद झाली. मेसेजच्या पेटीतही तीच माणसे आहेत, आणि नंबरापेक्षा कितीतरी अधिक उघडी. तरीही मेसेज हे नाव नियमाच्या यादीत नाही. 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते नव्हते आणि 8 मे 2025 रोजी आपण डिजिटल कर्जवाटपाचे एकत्रित निर्देश काढले त्यातही तीच यादी राहिली. शेवटच्या 'इत्यादी'मध्ये मेसेज येतात असे मला वाटते. कर्ज देणाऱ्या कंपन्यांना तसे वाटत नाही, आणि म्हणूनच ती चौकट आमच्यासमोर उघडली. गुगलच्या कर्जाच्या धोरणातही संपर्क, फोटो, अचूक लोकेशन यांना मनाई आहे. मेसेजसाठी वेगळे धोरण आहे आणि त्यात पैशांच्या व्यवहाराशी संबंधित ॲपसाठी सवलत ठेवलेली आहे. अशा रीतीने यादीचे दार दोघांनी मिळून लावले आणि मेसेजचे दार दोघांच्या मधे उघडे राहिले.

कंपन्यांची बाजू मी ऐकली आहे आणि ती पोकळ नाही. विडी वळणाऱ्या बाईचा सिबिल बहुधा नसतोच. तिच्याकडे पगाराची चिठ्ठी नसते, आयकराचा कागद नसतो. पण दर आठवड्याला मजुरी जमा होते आणि त्याचा मेसेज येतो. तो वाचून कंपनीला कळते की पैसे नियमित येतात, शिल्लक कितीपर्यंत खाली जाते, दुसरीकडे किती हप्ते चालू आहेत. मेसेज वाचू दिले नाहीत तर अशा बाईला कर्ज मिळणारच नाही, असे त्यांचे म्हणणे. ते खरे असते तर मी हे पत्र लिहायच्या आधी दहादा विचार केला असता, कारण ॲपने नाकारलेली बाई पुन्हा दरमहा शेकड्याने व्याज घेणाऱ्या माणसाच्याच दारात जाते.

पण ते खरे नाही, आणि त्याचा पुरावा बाजारातच आहे. आयफोनमध्ये कोणत्याही ॲपला मेसेजचा इनबॉक्स वाचता येत नाही. ॲपलने तशी परवानगी ठेवलेलीच नाही, म्हणून चौकटही येत नाही. जी कंपनी आयफोनवरही कर्ज देते ती तिथे मेसेज न वाचता पात्रता ठरवतेच ना? मग अँड्रॉइडवर त्याच कर्जासाठी तो इनबॉक्स अपरिहार्य कसा ठरतो? महागडा फोन असणाऱ्याचे मेसेज बंद राहतात, आणि सात-आठ हजारांचा फोन हप्त्याने घेतलेल्या बाईला तेच उघडावे लागतात. मागणी कामासाठी आवश्यक आहे की नुसती शक्य आहे म्हणून केलेली आहे, हे पारखायला मला यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही.

दुसरा पुरावा तर आपल्या बँकेनेच घडवला आहे. 2016 मध्ये आपण अकाउंट ॲग्रिगेटर या नव्या प्रकारच्या कंपन्यांसाठी निर्देश काढले आणि सप्टेंबर 2021 पासून ती व्यवस्था मोठ्या बँकांसह प्रत्यक्ष सुरू झाली. आमच्या त्या बाईचे काम शेवटी तिच्यातूनच झाले. तिने मेसेजची परवानगी नाकारल्यावर प्ले स्टोअरच्या पहिल्या ॲपने पुढे जाऊच दिले नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या ॲपमध्ये दोन पर्याय होते, बँकेचा उतारा पीडीएफमध्ये चढवा किंवा अकाउंट ॲग्रिगेटरमधून द्या. तिने दुसरा निवडला. जे पान आले त्यावर लिहिले होते कोणत्या बँकेचे कोणते खाते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे व्यवहार, कशासाठी, एकदाच की पुन्हा पुन्हा, आणि संमती कधी संपते. बँकेकडून आलेला ओटीपी तिने स्वतः टाकला. कंपनीला तिच्या खात्याचे सहा महिने दिसले. सासूचा आधार दिसला नाही, दिराची शिल्लक दिसली नाही. आणि मेसेजमधून जे अंदाजाने जुळवावे लागते ते इथे बँकेच्या हिशेबातून नेमके मिळाले, म्हणजे कर्ज देणाऱ्याचाही फायदाच झाला.

या मार्गालाही मर्यादा आहेत. नागरी पतसंस्थेतली ठेव तिथून दिसत नाही, आणि सोलापुरात पुष्कळांची बचत पतसंस्थेत असते. अशा वेळी पासबुकाचा फोटो किंवा छापील उतारा द्यावा लागतो. त्याला दोन दिवस जास्त लागतील, पण त्यातही जे द्यायचे तेवढेच दिले जाते.

सगळ्याच मेसेजच्या परवानग्या चुकीच्या नसतात हेही मी बायकांना सांगते, नाहीतर त्या घाबरून बँकेचे ॲपही काढून टाकतात. यूपीआय सुरू करताना ॲप आपल्या सिमवरून बँकेकडे एक मेसेज पाठवते आणि त्यावरून बँकेला कळते की हाच नंबर याच फोनमध्ये आहे. त्या क्षणी ती परवानगी मागितली तर कारण समोर दिसते. पण त्याच ॲपने संपर्क मागितले तर थांबून विचार करायचा. नावावरून पैसे पाठवायची सोय हवी असेल तर द्या, दुकानात क्यूआर स्कॅन करून देण्यापुरते ॲप वापरायचे असेल तर त्याची गरज नाही, नकार द्या, स्कॅन चालू राहते. ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून मेसेज मागणाऱ्या ॲपला तर सरळ नाही म्हणावे. गुगलने त्यासाठी वेगळी सोय दिलेली आहे, तिच्यात ॲपला फक्त त्याच्यासाठी आलेला एक मेसेज मिळतो आणि परवानगीची चौकट लागतच नाही. ती सोय न वापरणाऱ्या ॲपमध्ये सहा आकडे हाताने टाकता येतात.

आणि व्हॉट्सॲपवर गाडीच्या दंडाची पावती, लग्नाची पत्रिका किंवा सरकारी योजनेची यादी म्हणून येणाऱ्या .apk फाइली हा वेगळाच विषय आहे. त्या उघडल्यावर मेसेज आणि संपर्क दोन्ही मागतात, कारण एकातून ओटीपी चोरायचा असतो आणि दुसऱ्यातून हीच फाइल पुढच्यांना पाठवायची असते. तिथे चौकट वाचत बसायची गरज नाही, फाइल उघडायचीच नाही. त्यावर पोलीस आणि गुगल काम करत आहेत. माझी आपल्याकडे मागणी आहे ती नोंदणीकृत कंपन्यांच्या, प्ले स्टोअरवरच्या, कायदेशीर ॲपबद्दल.

कायदा या बाबतीत आपल्या पुढे गेला आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 च्या सहाव्या कलमात संमती कशी असावी ते सांगितले आहे आणि खाली उदाहरण दिले आहे. एक बाई दूरवरून डॉक्टरांचा सल्ला देणारे ॲप घेते. ॲप सल्ल्यासाठी तिची माहिती मागते आणि सोबत संपर्कांची यादीही मागते. ती दोन्हीला हो म्हणते. कायदा म्हणतो, सल्ला द्यायला संपर्कांची यादी लागत नाही, म्हणून तिची संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल. हो म्हटले तरी, अनावश्यक गोष्टीला दिलेले हो मोजायचे नाही. हे तत्त्व फार मोठे आहे, कारण चौकटीसमोर बसलेली, इंग्रजी न वाचता येणारी, पैशांची निकड असलेली बाई हो म्हणणारच, हे त्यात गृहीत धरलेले आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संमतीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. कर्जाच्या बाबतीत आपल्याला तेवढे थांबायचे कारण नाही, निर्देशात बदल करायचा अधिकार आपल्याच हातात आहे.

म्हणून मागते आहे ते नेमके लिहिते. निर्देशांमधल्या बंदीच्या यादीत एसएमएस हे नाव घाला. सिम पडताळणीसाठी ॲपने स्वतः पाठवायचा मेसेज तेवढा वगळा, वाचणे वगळू नका. 'ओळख पटवण्यासाठी लागणारी इतर सोय' या शब्दांच्या आडून इनबॉक्स आत येणार नाही असे स्पष्टीकरण द्या. मेसेज नाकारले म्हणून अर्ज अडवायचा नाही, उतारा किंवा अकाउंट ॲग्रिगेटर हा पर्याय त्याच पानावर दाखवायचा, असे बंधन घाला. आणि ज्या ॲपकडे आधीच कुणाचे मेसेज गेले आहेत त्यांनी ते पुसून टाकल्याचे लेखी कळवावे. फोनमधली परवानगी नंतर काढून घेतली तरी कंपनीच्या सर्व्हरवर गेलेली प्रत परत येत नाही, ती नक्की पुसली जावी यासाठी आपला आदेश हवा.

शेवटची मागणी सर्वांत सोपी आहे. जुलै 2025 पासून आपल्या संकेतस्थळावर कर्जाच्या ॲपची यादी आहे. माझ्या गटात आम्ही ती उघडून ॲपचे नाव आणि कंपनीचे नाव जुळवतो, फार उपयोग होतो. पण ती यादी कंपन्यांनी दिलेल्या माहितीवर चालते, आपली बँक ती तपासत नाही हे आपणच लिहिले आहे. नाव यादीत असले म्हणजे त्या ॲपची परवानगीची मागणी रास्त आहे असे होत नाही. त्या यादीत ॲपच्या नावापुढे एक रकाना वाढवा: हे ॲप फोनमधल्या कोणत्या परवानग्या मागते. कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याला यादीतली माहिती खरी असल्याचे प्रमाणपत्र आजही द्यावेच लागते, त्यात हा रकाना येऊ द्या. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर About this app उघडले की तळाशी App permissions मध्ये खरी यादी दिसतेच. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की फरक आम्ही इथे अशोक चौकात बसून दाखवू शकतो, आणि तो सापडला तर कुठे कळवायचे हेही त्याच पानावर मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये लिहिलेले असावे. या शहरात घरात एक भाषा, कारखान्यात दुसरी आणि फोनमध्ये तिसरी असते.

ज्या बाईची गोष्ट वर सांगितली तिच्या मुलीला प्रवेश मिळाला आहे आणि तिचे हप्ते सुरू आहेत. प्ले स्टोअरच्या पहिल्या ॲपमधली तिची अर्धवट राहिलेली माहिती काढून टाकावी म्हणून आम्ही त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिले आहे. उत्तर तीस दिवसांत आले नाही तर आपल्या लोकपालांकडे जाणार आहोत. त्या तक्रारीत मेसेजच्या चौकटीचा स्क्रीनशॉट जोडला आहे. तो पाहणाऱ्या अधिकाऱ्याला बोट ठेवायला निर्देशांमध्ये एक ओळ असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली,
सोलापूरच्या पूर्व भागातील एक बचत गट कार्यकर्ती